बॉम्बर, बाइकर की डेनिम? जॅकेट ओळखण्याच्या चार खुणा

धारावीत चामड्याचे काम करणारे आमच्या परिचयाचे एक कारागीर आहेत. सात मशीन, दोन कटिंग मास्टर, एवढाच त्यांचा पसारा. मागे त्यांना पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून फोनवर ऑर्डर आली: "काळे लेदर बॉम्बर, ४० नग, मीडियम आणि लार्ज." भाव ठरला, निम्मी रक्कम आगाऊ मिळाली, माल वेळेवर तयार झाला. पण पेटी उघडताच व्यापाऱ्याने हात कपाळाला लावला. त्यांना हवे होते मोटारसायकलवाले घालतात ते, रुंद कॉलरचे आणि तिरक्या झिपचे जॅकेट. इकडे शिवले होते खाली विणलेली रिब असलेले, गोल गळ्याचे, सरळ झिपचे जॅकेट.

दोघेही सरळ मनाचे होते, त्यामुळे तंटा झाला नाही. तो माल दुसऱ्या एका दुकानदाराला नगामागे ५०० रुपये कमी घेऊन द्यावा लागला आणि ती तूट दोघांनी निम्मीनिम्मी सोसली. म्हणजे प्रत्येकाचे १०,००० रुपये गेले. शिलाईत दोष नव्हता, चामडे चांगले होते, वायदाही पाळला गेला होता. घोटाळा झाला तो 'बॉम्बर' या एका शब्दाचा. बाजारात हा शब्द कुठल्याही आखूड जॅकेटला लावला जातो. म्हणून नावावर न जाता जॅकेट कसे ओळखावे, हे आज आम्ही सांगणार आहोत.

कोणतेही जॅकेट समोर आले की चार गोष्टी पाहाव्यात: कॉलर, खालचा घेर, झिप आणि कापड. या चारही खुणा एकाच तोलाच्या नसतात. बॉम्बरची पक्की ओळख त्याच्या घेरात आहे, बाइकरची झिपमध्ये आणि डेनिमची कापडात. बाकीच्या खुणा त्या मुख्य खुणेच्या मागून येतात.

बॉम्बर: घेर पाहा

बॉम्बर जॅकेट मूळचे अमेरिकेच्या विमानदलाचे. १९३१ मध्ये तिथे ए-२ नावाचे चामड्याचे जॅकेट वैमानिकांना देण्यात आले. त्याची कॉलर शर्टासारखी दुमडलेली होती, पण कमरेला आणि मनगटाला विणलेली रिब होती. पुढे विमाने अधिक उंचावर जाऊ लागली. चामडे भिजले तर त्या थंडीत ते कडक होई, म्हणून नायलॉन वापरात आले. १९५० च्या दशकातील एमए-१ या नमुन्यात गळ्याची लोकरी कॉलरही काढून टाकली गेली, कारण ती पॅराशूटच्या पट्ट्यांत अडकत असे. तिच्या जागी गळ्यालाही रिबच आली. आज दुकानात 'बॉम्बर' म्हणून जे लटकते ते बहुधा या एमए-१ ची नक्कल असते. त्याचे नारिंगी अस्तरही तिथलेच. विमान कोसळले तर जॅकेट उलटे घालायचे, म्हणजे शोधणाऱ्यांना माणूस दुरून दिसे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. कॉलर दुमडलेली असो की रिबची, दोन्ही जॅकेटे बॉम्बरच आहेत. कापड चामड्याचे असो की नायलॉनचे, नाव बदलत नाही. पण खालची रिब काढून साधी दुमड घातली तर ते बॉम्बर राहत नाही. रिब कमरेला धरून बसते आणि वरचे कापड तिच्यावर किंचित फुगून येते. हा फुगाच बॉम्बरचा आकार आहे.

झिप सरळ मध्यावरून जाते आणि खालून पूर्ण उघडते. बाजारात तिला ओपन एंड म्हणतात. सर्वसाधारण बॉम्बरला ५ नंबरची झिप पुरते. झिपच्या मागे आतून एक पट्टी असते, ती वारा अडवते आणि दात अंगाला लागू देत नाही. कापड बहुतेक नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे, आत पातळ पॉलिएस्टरचे भरण आणि अस्तर. या कापडावर गरम इस्त्री चालत नाही. टीप उसवली तर सुईची भोके तशीच दिसत राहतात, म्हणून पहिल्याच फेरीत टीप नीट पडली पाहिजे.

आता रिबचा हिशेब. नवे कारागीर चुकतात ते इथेच. एक उदाहरण घेऊ. लार्ज मापाच्या जॅकेटचा खालचा घेर ४४ इंच आहे. रिबही ४४ इंच कापून जोडली तर ती ताणलीच जाणार नाही. जॅकेट खाली घंटेसारखे उघडे राहील आणि धुतल्यावर रिब लोंबू लागेल. उलट ३० इंचाची रिब लावली तर कापडाच्या चुण्या पडतील, झिपचे खालचे टोक वर ओढले जाईल आणि पोटावर गोळा होईल. साधारण नियम असा, की घेराच्या चार-पंचमांशाहून थोडी अधिक रिब घ्यावी. ४४ इंचाला तयार रिब ३६ इंच धरावी. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच शिलाईचा म्हणून ३७ इंच कापावी.

उंचीचा हिशेब वेगळा असतो, कारण रिब दुहेरी होते. तयार उंची अडीच इंच हवी असेल तर अडीचची दुप्पट ५ इंच आणि दोन्ही कडांची शिलाई मिळून १ इंच, म्हणजे ६ इंच कापावी. जोडण्यापूर्वी कापडाच्या घेराचे चार सारखे भाग करून खुणा कराव्यात, रिबच्याही तशाच कराव्यात. आपल्या उदाहरणात कापडाचा प्रत्येक भाग ११ इंचांचा आणि रिबचा ९ इंचांचा येतो. खुणेला खूण मिळवून ९ इंच ओढत ११ वर बसवत गेले की ताण सगळीकडे सारखा राहतो. खुणा न करता अंदाजाने ओढत गेलेल्या नगात पाठीमागे चुण्या आणि पुढे सपाट असा दोष हमखास दिसतो.

रिबच्या उभ्या धारा कमरेवर उभ्याच राहिल्या पाहिजेत. कापडाची बचत करण्यासाठी कोणी ती आडवी फिरवून कापली तर ती ताणणार नाही आणि सगळा हिशेब वाया जाईल. रिब विकत घेतानाही एक परीक्षा करावी. ४ इंचांचा तुकडा ओढून ६ इंच करावा आणि सोडावा. असे वीस वेळा करून मिनिटभर थांबावे आणि पट्टी लावावी. तुकडा पुन्हा ४ इंचांच्या जवळ आला तर माल ठीक आहे. साडेचारवर थांबला तर दोन महिन्यांत ग्राहक जॅकेट घेऊन परत येईल.

झिपची लांबीही रिब धरून मोजायची असते. गळ्याच्या शिलाईपासून रिबच्या शिलाईपर्यंत समोरची बाजू २२ इंच असेल आणि रिब अडीच इंच, तर झिप साडेचोवीस इंच लागते. ही मापे बाजारात नेमकी मिळतीलच असे नाही. म्हणून काही जण २४ ची झिप घेऊन अर्धा इंच कापड दाबून बसवतात. मग समोरून झिप लाटांसारखी दिसते. त्यापेक्षा मोठी झिप घ्यावी आणि वरच्या टोकाला कापावी. वरचे जास्तीचे दात काढून तिथे रोध बसवला की झाले. खालच्या टोकाला मात्र कधीही कात्री लावू नये, कारण पिन आणि पेटी तिथेच असते.

बाइकर: झिप पाहा

आमच्या पुण्याच्या व्यापाऱ्यांना हवे होते ते हे जॅकेट. १९२८ मध्ये न्यूयॉर्कचे आयर्विंग शॉट यांनी मोटारसायकल चालवणाऱ्यांसाठी 'परफेक्टो' नावाचे चामड्याचे जॅकेट काढले. १९५३ च्या 'द वाइल्ड वन' या चित्रपटात मार्लन ब्रँडो यांनी या धर्तीचे जॅकेट घातले आणि ते सगळीकडे पोहोचले. आजही बाइकर म्हटले की बहुतेक लोकांच्या डोळ्यांपुढे तेच येते.

याची झिप तिरकी असते. कमरेकडून निघून ती एका खांद्याच्या दिशेने चढते. चालक टाकीवर वाकून बसतो तेव्हा सरळ झिप पोटावर दुमडून टोचते, आणि समोरचा वारा मधल्या फटीतून आत शिरतो. तिरक्या झिपमुळे छातीवर चामड्याचे दोन थर येतात. झिप उघडी ठेवली की हाच वरचा थर बाहेर वळून कोटाच्या लॅपेलसारखा दिसतो. कॉलर रुंद असते आणि तिची टोके टिच बटणाने दाबून ठेवलेली असतात, नाहीतर वेगात ती तोंडावर फडफडतील. घेराला रिब नसते. कड सरळ दुमडलेली असते आणि तिच्यावर बकलचा पट्टा असतो. लांबी कमरेपर्यंतच, कारण बसल्यावर लांब पुढा मांडीवर गोळा होतो. मनगटालाही रिबऐवजी झिप असते. मुख्य झिप धातूची आणि जाड, बहुधा ८ नंबरची, आणि खिशांना ५ नंबरची.

बाइकरचाच एक साधा भाऊबंद आहे, त्याला कॅफे रेसर म्हणतात. त्याला उभी लहान पट्टीची कॉलर आणि सरळ झिप असते, लॅपेल नसतो. बॉम्बरशी गोंधळ होतो तो याचाच. तेव्हा पुन्हा खाली पाहावे. रिब असेल तर बॉम्बर, सपाट दुमड असेल तर कॅफे रेसर.

बाइकर कापताना मुख्य धोका फर्म्याचा आहे. दोन्ही पुढे सारखे नसतात, एक रुंद आणि एक अरुंद. कापड दुहेरी घालून कापता येते, चामडे मात्र एकेक नग सुटे कापावे लागते. रुंद पुढ्याचा फर्मा चामड्यावर उलटा पडला तर झिप भलत्याच खांद्याकडे जाते आणि तो तुकडा फुकट जातो. म्हणून प्रत्येक फर्म्यावर 'वरची बाजू' असे ठळक लिहावे आणि चामड्याच्या चांगल्या बाजूवरच खूण करावी.

चामड्यात टाचणी टोचू नये, भोक कायमचे राहते. चिमटे लावावेत. दुमड सोल्यूशनने चिकटवून हलक्या हातोडीने बसवावी. सुई चामड्याची, धारदार टोकाची हवी आणि टीप ३ ते ४ मिलिमीटर लांबीची. बारीक टीप मजबूत असते हा कपड्यावरचा अनुभव इथे उलटा पडतो. जवळजवळची भोके पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी होतात आणि ताण आला की चामडे त्या रेषेत फाटते.

चामडे कोणते, हे स्पष्ट विचारून घ्यावे. मेंढीचे मऊ आणि पातळ असते, अंगावर छान बसते पण घासले की सोलते. शेळीचे त्याहून चिवट. म्हशीचे जाड आणि वजनदार. मेंढीचे एक कातडे साधारण ५ ते ६ चौरस फूट भरते. पुरुषाच्या बाइकरला ३५ ते ४० चौरस फूट धरले तर एका जॅकेटला सहा ते आठ कातडी लागतात. ती एकाच रंगाच्या घाण्यातील नसली तर बाही आणि पाठ वेगळ्या छटेच्या दिसतात. म्हणून कापण्यापूर्वी एका जॅकेटची सगळी कातडी उजेडात शेजारी मांडून पाहावीत.

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. बाहेरून येणाऱ्या काही मालात अस्तरासाठी किंवा पट्ट्यांसाठी डुकराचे कातडेही वापरलेले असते. त्याच्या वरच्या बाजूवर केसांची छिद्रे तीन-तीनच्या पुंजक्यांनी दिसतात, जणू लहान त्रिकोण. शेळी-मेंढीच्या कातड्यावर अशी मांडणी नसते. पण वरचा थर काढून मखमलीसारखे केलेले चामडे असेल तर ही खूण पुसली जाते. अशा वेळी विक्रेत्याकडून बिलावर लिहून घेणे हाच उपाय आहे.

रेक्झिनची गोष्टही अशीच. पीयूचे जॅकेट स्वस्त पडते, दिसायला नवे असताना फरक कळत नाही, आणि ते विकण्यात काही गैरही नाही. मात्र दमट हवेत काही वर्षांत त्याचा वरचा थर पापुद्रे होऊन सुटतो. कडेची शिलाई उलटून पाहिली तर खऱ्या चामड्याच्या मागे धागेदार रेषा दिसतात, रेक्झिनच्या मागे विणलेले कापड दिसते. ग्राहकाला विकताना पीयू म्हणून सांगून विकावे. लेदर म्हणून विकलेले पीयू सोलले की तो ग्राहक परत येतो, आणि तो दुकानाची चर्चा मोहल्ल्यात करूनच येतो.

डेनिम: कापड पाहा

डेनिम जॅकेटला बहुधा झिप नसतेच. धातूची ठोकून बसवलेली सहा बटणे असतात. काही कंपन्यांनी झिपची जॅकेटेही काढली, तरी ती डेनिमच म्हटली जातात. म्हणूनच याची ओळख झिपवरून ठरत नाही. आज जो नमुना सगळीकडे दिसतो तो लेव्हाय स्ट्रॉस कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी रूढ केलेला. त्यात छातीवर टोकदार झाकणाचे दोन खिसे आणि त्यांच्याखालून कमरेकडे निमुळत्या होत गेलेल्या दोन शिलाया असतात. कॉलर शर्टासारखी दुमडलेली आणि टोकदार. घेराला त्याच कापडाची दीड इंचाची जाड पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना बटणाचे छोटे पट्टे, ज्यांनी कंबर कमीजास्त करता येते. रिब अजिबात नाही.

कापड म्हणजे तिरक्या विणीचे डेनिम. उभा धागा निळीत रंगवलेला, आडवा पांढरा. म्हणून वरून निळे आणि आतून फिके दिसते. जॅकेटला १० ते १४ औंसाचे डेनिम वापरतात. १२ औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ४०० ग्रॅम. त्याहून हलके घेतले तर कॉलर उभी राहत नाही आणि जॅकेट शर्टासारखे वाटते. १४ औंसाला खांद्याच्या जोडावर कापडाचे अनेक थर येतात. तिथे साधी मशीन अडते आणि सुई मोडते.

डेनिमचा खरा हिशेब धुलाईचा आहे. जॅकेट कोरे शिवतात आणि मग धुतात, त्यामुळे आकसण्याची सूट आधीच धरावी लागते. प्रत्येक नव्या ताग्यातून तुकडा काढावा, त्यावर २० इंचांचा चौकोन आखावा आणि माल जसा धुतला जाणार आहे तसाच तो धुऊन वाळवावा. समजा, उभ्या बाजूला १९.४ इंच भरले. म्हणजे २० वर ०.६, शेकडा ३ आकसले. आता जॅकेटची तयार लांबी २४ इंच हवी असेल तर २४ ला ०.९७ ने भागावे, उत्तर पाऊण इंच जास्त, म्हणजे पावणेपंचवीस इंच येते. शिलाईची सूट त्याशिवाय. आडव्या बाजूचा हिशेब वेगळा करावा, कारण दोन्ही बाजू सारख्या आकसत नाहीत. धातूची बटणे धुलाईनंतरच ठोकावीत, नाहीतर त्यांची चकाकी जाते आणि कापडाला डाग पडतात.

झिपचे डेनिम जॅकेट असेल तर आणखी जपावे. कापड आकसते, पण झिपची पट्टी त्या प्रमाणात आकसत नाही. आधी झिप लावून मग धुतले तर समोरचा भाग सापासारखा वळतो. अशा ऑर्डरला आधीच आकसवून घेतलेले डेनिम वापरावे किंवा एक नग पूर्ण धुऊन पाहिल्याशिवाय बाकीचा माल कापू नये.

ऑर्डर घेताना काय लिहावे

धारावीच्या त्या कारागिरांनी आता छोटी चिठ्ठी छापून घेतली आहे. नाव काहीही असो, तिच्यावर चार ओळी भरल्याशिवाय ते आगाऊ रक्कम घेत नाहीत. कॉलर: रिब, उभी पट्टी, दुमडलेली की लॅपेल. घेर: रिब, दुमड, पट्टी की बकलचा पट्टा. समोर: सरळ झिप, तिरकी झिप की बटणे, आणि झिपचा नंबर. कापड: नेमके कोणते, चामडे असल्यास कोणत्या जनावराचे, डेनिम असल्यास किती औंस. खाली दोघांची सही आणि पाठीला कापडाचा एक तुकडा टाचलेला.

पुण्याचे तेच व्यापारी पुढच्या हंगामात पुन्हा त्यांच्याकडे आले. या वेळी फोनवर त्यांनी आधी "लॅपेल, बकलचा पट्टा, तिरकी झिप, शेळीचे" एवढे सांगितले, आणि मग हसून म्हणाले, "नाव तुम्हीच काय ते लिहा." माल ४० नगांचा होता आणि तो सगळा स्वीकारला गेला.